दहा रुपये कमी पडले तर

मनुबाईचा अंगठा शाईनं काळा झाला होता आणि कागदापासून चार बोटांवर अडला होता. पतपेढीचे चिटणीस सिराजुद्दीन मास्तर हातात टीपकागद घेऊन वाट बघत बसले होते. अंगठा काही खाली येईना.

"मास्तर," मनुबाई म्हणाली, "ह्यात काय लिवलंय ते मला सांगा. मग उठवते."

"अगं, सांगितलं ना! एकशे वीस रुपये कर्ज, चार हप्ते, व्याज दीड पै."

"ते तुमी तोंडानं सांगितलंत. कागदात काय हाय?"

मास्तरांनी कागद उचलला, चष्मा सारखा केला आणि व्याजाचं कलम वाचायला घेतलं. "सदरहू मुद्दलावर दर रुपयास दरमहा दीड पैप्रमाणे व्याज, व ठरले मुदतीत हप्ता अगर हप्त्याचा कोणताही अंश न पावल्यास मुदत टळले तारखेपासून थकले अंशावर दर रुपयास दरमहा अर्धी पै जादा दंडव्याज, व लागोपाठ दोन हप्ते थकल्यास लेखी नोटिशीअंती पंधरा दिवसांनी सर्व मुद्दल व्याजासह एकरकमी वसूल करून घेण्याचा पेढीस अखत्यार राहील, त्यास लिहून देणार अगर त्याचे वालीवारस यांची..." इथे त्यांना दम लागला. वाक्य अजून अर्धं उरलं होतं. चाळीस वर्षं शाळेत मुलांना मोठ्यानं वाचायला लावलेल्या माणसाला एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागला, ह्याची त्यांना मनातून लाजच वाटली.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

"दंड आन् वसूल एवढं कळलं," मनुबाई म्हणाली, आणि अंगठा पदराच्या टोकाला पुसून मोकळी झाली.

मास्तरांना घाम फुटला. कारण हिला पतपेढीत आणली होती त्यांनीच. मनुबाई श्रीवर्धनात दुसऱ्यांच्या खळ्यावर सुपारी सोलून पोट भरणारी बाई. बारा वर्षं सोलत होती. नुसत्या हातानं चाचपून सुपारी आतून किडकी की चांगली ते सांगायची. यंदा नीराबाईनं आपल्या पोफळीच्या बागेतलं पीक मक्त्यानं द्यायचं काढलं होतं. एकशे वीस रुपये टाका आणि झाडावरची सगळी सुपारी तुमची. नीराबाई शनिवारच्या बोटीनं मुलाकडे मुंबईला निघायची होती, तेव्हा शनिवारी सकाळपर्यंत पैसे आणील त्याला बाग. व्यापारी मनुबाईला उचल द्यायला एका पायावर तयार होता. फक्त सुपारी त्यालाच घालायची, आणि भावही तोच सांगणार. म्हणजे बाग घेऊनही ती पुन्हा सोलणारीच राहिली असती. मास्तरांनीच तिला म्हटलं होतं, त्याच्याकडे जाऊ नकोस, पेढीत ये. आणि आज गुरुवार होता.

"मनुबाई, माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

"तुमच्यावर हाय हो. पण तुमी काय जल्मभर ह्या पेटीपाशी बसून ऱ्हाणार? उद्या दुसरा कोण बसला तर तो कागद दाखवील, तुमचं तोंड न्हाय दाखवणार." ती उठता उठता पुन्हा बसली. "सदूचं काय झालं ठाऊक हाय ना? पेढीचा हप्ता तीस रुपये. त्याच्यापाशी बावीस जमले होते. तीन महिने तांदळाच्या कणगीत फडक्यात बांधून ठेवले. आठ जमता जमेनात. शेवटी मेव्हणीच्या लग्नात ते बावीस पण गेले."

"बावीस होते?" मास्तर ताडकन सरळ बसले. "मग ते बावीस इथे का नाही आणून टाकले त्यानं?"

मनुबाईनं त्यांच्याकडे असं बघितलं, की शाळेत कुणी मूल त्यांच्याकडे कधी तसं बघायला धजलं नसतं. "पुरे नव्हते म्हणून!"

"अगं पण..."

"अर्धे पैशे घेऊन कोण जातो देणेकऱ्यासारखा? सावकाराकडे अर्धे नेले की तो ते गिळतो, वर शिव्या देतो, आन् मुद्दल जागच्या जागी. आमच्याकडे कोणबी पुरे झाल्याबिगर हप्ता उचलत न्हाय. पुरे न्हाय झाले तर दंड लागायचा तो लागतोच, मग बावीस दिले काय आन् न्हाय दिले काय?"

मास्तरांनी वही पुढ्यात ओढली. सहा वर्षं ते पेढीची वही लिहीत होते. एकही पै न घेता लिहीत होते. स्वतः कधी कुणाचं कर्ज काढलं नाही, कुणाकडून व्याज खाल्लं नाही, पण गावात एवढं नीट अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं म्हणून हे काम अंगावर आलं होतं. थकलेल्या नावांपुढे ते दर तिमाहीला तांबड्या शाईनं खूण करायचे आणि मनात म्हणायचे, बिचाऱ्यांकडे नाहीत. आणि इकडे बिचाऱ्यांच्या कणगीत बावीस रुपये! त्या कलमात तर स्वच्छ होतं, जेवढं थकलं तेवढ्यावरच दंड. बावीस आणले असते तर सदूला आठ रुपयांवर महिन्याला चार पै पडली असती. चार पै! मास्तरांना हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा ते कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

"उद्या जुम्म्याची नमाज झाली की ये," ते म्हणाले. "पंच बसणार आहेत. तुला कळेल असा कागद तयार ठेवतो."

"मला कळून भागायचं न्हाय," मनुबाई जाता जाता म्हणाली. "त्यात मी काय करायचं ते पायजे."

घरी ओट्यावर मास्तरांची बेगम महेरुन्निसा सुके जवळे निवडत बसली होती. मास्तरांनी तिच्या शेजारीच बैठक मारली आणि तासाभरात पहिला मसुदा खरडला. अवघड शब्द काढून सोपे घातले, लांब वाक्याचे पाच तुकडे केले आणि मोठ्या झोकात वाचून दाखवले.

"कसं काय?"

"झकास," महेरुन्निसा म्हणाली. "आता ऐकू तरी येतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे दंड कवा लागतो ते कळलं. तो लागू नये म्हणून मी काय करू? कुठल्या रोजी घरातनं निघू? पदरात काय बांधून नेऊ? तुमी अखत्यार काढून हक्क घातलात, पण मी आपली ओट्यावरच बसलेली."

मास्तर नाराज झाले. झोकात वाचलेल्या मजकुराला बायकोनं असं म्हटलं की कुणीही होईल. पण ते मुळातले शिक्षक. उत्तर चुकलं की पाटी पुसायची सवय होती. त्यांनी कागद पालथा घातला. कलम कशाकशाबद्दल आहे हे लिहिण्याऐवजी माणूस काय काय करील ते लिहायचं ठरवलं. कोणत्या दिवशी यायचं. किती आणायचे. कमी असले तर काय करायचं. त्याला किती पडेल. आलीच नोटीस तर काय करायचं. प्रत्येक वाक्य लिहून झालं की ते बेगमला विचारायचे, "आता काय करशील?" ती जवळे निवडता निवडता सांगायची. सांगणं चुकलं की मास्तर वाक्य खोडायचे. तिला दोष द्यायची सोय ह्या खेळात नव्हती.

तारखेपाशी दोघंही अडली. "पंधरा मार्च," मास्तरांनी वाचलं.

"मार्च मनुबाईच्या घरात येत न्हाय," महेरुन्निसा म्हणाली. "तिच्याकडे होळी येते."

मग मास्तरांनी पंचांग असलेल्या शेजाऱ्याला विचारून घेतलं आणि तारखेच्या जोडीला होळीपौर्णिमेचा दुसरा दिवस घातला. व्याजाच्या ठिकाणी दीड पैचा हिशेब न ठेवता सरळ एकशे वीस रुपयांवर महिन्याचे पंधरा आणे लिहिले. दर राहू दिला, कारण दर नसला तर उद्या भांडण. पण दराच्या पुढेच आकडा मांडला. शेवटी हक्काची बाजू पुन्हा जुन्या कागदाशी ताडून बघितली. पेढीचं काही सांडलेलं नव्हतं आणि मनुबाईच्या गळ्यात नवीन काही पडलेलं नव्हतं.

शुक्रवारी नमाज आटोपून मास्तर कचेरीत आले तेव्हा पंचांपैकी अध्यक्ष बाळाजीपंत आणि हिरामण तांडेल हजर होते. बाळाजीपंतांच्या दोन बागा होत्या, आणि जुना कागद हा त्यांचा अभिमानाचा विषय होता. अलिबागेच्या एका वकिलाला दोन रुपये मोजून त्यांनी तो मसुदा आणला होता. हिरामण मचवा चालवणारा, आडदांड आणि हसरा. मनुबाई दाराशी बसली होती.

मास्तरांनी नवं कलम वाचलं. बाळाजीपंतांचा चेहरा वाक्यागणिक उतरत गेला.

"मास्तर, हा काय दस्त झाला?" ते म्हणाले. "हे तर मावशीला लिहिलेलं पत्र वाटतं. 'मी होळीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येईन.' अहो, कायद्याच्या कागदाला काही वजन नको?"

"हक्क सगळे आहेत, पंत. तुम्ही ताडून बघा."

"हक्क असतील, धाक कुठे आहे? 'दहा रुपये कमी पडले तर महिन्याला पाच पै.' हे असं उघड लिहिलंत तर हप्ता वेळेवर कोण भरील? पाच पै म्हणजे विड्याचा खर्च! जुन्या कागदानं माणूस टरकतो, म्हणून तर पेढी चालते."

"टरकतो, म्हणून येत नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी सदूच्या बावीस रुपयांची हकीकत सांगितली.

"एका सदूवरून कागद बदलायचा?" पंत हटेनात. "शिवाय जुनं कलम अगदी स्पष्ट आहे. वाचता येणाऱ्याला त्यात काही अडचण नाही. मनुबाईला नसेल कळत, तर तिला आम्ही सांगू."

मास्तरांचा धीर सुटत चालला. उद्या सकाळी बोट होती. पंत नाही म्हणाले तर जुना कागद, आणि जुन्या कागदावर ही बाई अंगठा उठवायची नाही. संध्याकाळी ती व्यापाऱ्याच्या दारात उभी राहील. बारा वर्षं सोलली, आणखी बारा सोलील. आपण तिला इथे आणून तिचे दोन दिवस वाया घालवले, ह्या विचारानं मास्तरांना फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मनुबाई दारातूनच म्हणाली, "मग सांगा ना, पंत. तुमच्या कागदावरनं सांगा. होळीला व्याज सगळं चुकतं केलं, पण हप्त्याच्या तिसात दहा कमी पडले. मला महिन्याला दंड किती?"

"आत्ता सांगतो." पंतांनी जुना कागद ओढला. ओठ हलवत एकदा वाचलं, बोट ठेवून दुसऱ्यांदा वाचलं. मग पाटीवर आकडे मांडले. "कर्ज एकशे वीस. दर रुपयास अर्धी पै जादा. साठ पै. बारा पैंचा आणा, म्हणजे महिना पाच आणे."

मास्तरांनी हळूच चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसू लागले. अध्यक्षांना चुकलात म्हणायचं कसं, ह्याचा ते विचार करत होते.

हिरामणला असली अडचण नव्हती. "मास्तर तर पाच पै बोलले," तो म्हणाला. "पाच पै आन् पाच आणे! पंत, बारा पट झाली की हो!"

"मास्तर चुकले असतील."

मास्तरांनी वही उघडून पुढे केली. मागच्या वर्षीच्या एका थकलेल्या हप्त्याची नोंद होती. थकलेल्या तीस रुपयांवरच अर्धी पै लावलेली, सगळ्या कर्जावर नव्हे. खाली अध्यक्षांची सही होती, बाळाजीपंतांची, झोकदार. पंतांनी नोंद वाचली. पुन्हा जुना कागद घेतला आणि ह्या वेळी एकेक शब्द मोठ्यानं वाचला. "थकले... अंशावर," ते पुटपुटले आणि थांबले.

पंत तापट होते, पण खोटारडे नव्हते. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि एकदम खो खो हसत सुटले. इतके हसले, की त्यांना उपरण्यानं डोळे पुसावे लागले.

"दोन रुपये दिले होते हो त्या वकिलाला!" ते म्हणाले. "सहा वर्षं ह्याच्याखाली सही करतोय मी! आणि चार माणसांना अंगणात उभं करून सांगितलंय, संभाळा, हप्ता चुकला तर सगळ्या कर्जावर दंड बसेल म्हणून!"

"तरीच," मनुबाई म्हणाली. एवढंच म्हणाली, पण ते पंतांच्या वर्मी बसलं. हसू ओसरलं आणि त्यांनी पाटीवरचे पाच आणे पुसून टाकले.

"मास्तर, तुमचा कागद पुन्हा वाचा," ते म्हणाले. "सावकाश वाचा. आता मी ऐकतो."

माणूस असा वळला की मग त्याला आवरणं कठीण. दोन हप्ते थकले तर पेढी सगळं कर्ज एकदम मागू शकते, हे वाक्य मास्तरांनी शेवटी घातलं होतं. ते बारीक अक्षरात नको, असा पंतांनीच आग्रह धरला. "गोड गोड तेवढं मोठं आणि कडू ते लहान, असं नको. दोन्ही एकाच टाकानं लिहा." हिरामणनं विचारलं की हप्त्याच्या आधीच पैसे हातात आले तर काय, लागलीच तेही आलं. मनुबाईला मात्र वेगळीच शंका होती. "मी आले आन् मास्तर न्हाईत. पेटीपाशी कोणतरी बसलाय. त्याच्या हातात पैशे ठेवू का नको?" ह्यावर तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मास्तरांनी पावतीचं वाक्य वाढवलं. पंचांनी ठराव केला, मास्तरांनी कागद स्वच्छ उतरवला. तो असा होता:

"मी पेढीकडून आज १५ नोव्हेंबर १९२९ रोजी एकशे वीस रुपये घेतले. जेवढे रुपये माझ्याकडे राहतील तेवढ्यांवरच मी व्याज देईन, दर रुपयास दरमहा दीड पै. म्हणजे पूर्ण एकशे वीस राहिले तर महिन्याला पंधरा आणे. तीस-तीस रुपयांचे चार हप्ते खाली दिलेल्या दिवशी आणीन, आणि त्या दिवसापर्यंतचं व्याजही आणीन. पहिला दिवस १५ मार्च १९३०, होळीपौर्णिमेचा दुसरा दिवस. पैसे पुरे नसले तरी त्या दिवशी जेवढे असतील तेवढे घेऊन येईनच. पेढी ते घेईल. आधी व्याज वळतं करील, उरलेले हप्त्यात धरील. हप्त्यात जेवढे कमी पडतील तेवढ्यांवरच, ते फिटेपर्यंत, दर रुपयास दरमहा अर्धी पै दंड देईन. दहा रुपये कमी पडले तर महिन्याला पाच पै. पैसे आधी आणले तर त्या रुपयांचं व्याज त्या दिवसापासून थांबेल. पावती हातात घेतल्याशिवाय पैसे देणार नाही. लागोपाठ दोन हप्ते थकवले तर पेढी मला लेखी नोटीस देईल, आणि पंधरा दिवसांनी सगळं कर्ज व्याजासकट एकदम मागू शकेल. नोटीस आली तर त्या पंधरा दिवसांत मी पंचांना येऊन भेटेन."

मनुबाईनं तो दोनदा ऐकला. मग मास्तरांनी कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, "आता तू सांग."

तिनं सांगितला. होळीचा दुसरा दिवस, व्याज, तीस, कमी असले तरी यायचं, दहाला पाच पै, पावती, नोटीस, पंधरा दिवस. कुठे अडली नाही. शेवटी म्हणाली, "आन् आजच्यासारखं बसून बोलायचं. व्हय ना?"

"व्हय," बाळाजीपंत म्हणाले, आणि आपण काय बोललो हे ऐकून स्वतःच हसले.

मनुबाईच्या कर्जाला जामीन राहायला तयार असलेल्या दोघांना बोलावून आणलं, त्यांनाही कागद वाचून दाखवला, सह्या झाल्या. मनुबाईनं अंगठा शाईत बुडवला आणि असा ठाम उठवला, की मास्तरांनी टेबल धरलं. शनिवारी सकाळी नीराबाई बोटीत चढली ती एकशे वीस रुपये कनवटीला लावून. दुपारी मनुबाईनं बागेत सुपारी उतरवणारा पाडेली झाडावर चढवला आणि आपण खाली उभी राहून, बारा वर्षांत पहिल्यांदा, स्वतःच्या सुपारीसाठी त्याच्यावर ओरडली.

होळी झाली. दुसऱ्या दिवशी मास्तर कचेरी उघडतात तोच मनुबाई उंबऱ्यावर. तिचा माल चांगला वाळला होता, भावही तिनंच ठरवला होता. पण व्यापाऱ्यानं काही रक्कम पुढच्या महिन्यावर टाकली होती. तिनं पदराची गाठ सोडून तेवीस रुपये बारा आणे मोजून टेबलावर मांडले.

"चार महिन्यांचं व्याज तीन रुपये बारा आणे," ती म्हणाली. "हप्त्यातले वीस. दहा कमी हायत. महिन्याला पाच पै. द्या पावती." बोलताना तिची मान ताठ होती. दहा रुपये कमी असून एवढ्या ऐटीत पेढीत आलेलं माणूस मास्तरांनी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. त्यांनी टाक झटकला आणि पावती लिहायला घेतली.

पावती घेऊन ती वळली तेव्हा तिच्या मागे दादू गाबीत उभा होता. वर्षभर तांबड्या शाईत असलेला. त्याच्या मुठीत मळक्या फडक्याची पुरचुंडी होती आणि ती पुढे करावी की मागे घ्यावी हे त्याचं ठरत नव्हतं.

"मास्तर, अठरा हायत," तो म्हणाला. "हिच्या कागदात हाय तसं... आमच्या जुन्या कागदाला चालंल काय?"

"चालेल," मास्तर म्हणाले. "जुन्या कागदातही तेच आहे, दादू. पहिल्यापासून."

दादूला ते पचायला वेळ लागला. "पहिल्यापासून?" तो म्हणाला. "मग आमाला कोणी सांगितलं का न्हाय?"

कोपऱ्यात वही तपासत बसलेले बाळाजीपंत उठले, पुढे आले आणि स्वतः हातानं त्यांनी दादूसाठी खुर्ची ओढली.

"कारण आम्हालाच कळलं नव्हतं रे," ते म्हणाले. "बस. किती म्हणालास, अठरा?"